तुटलेली सोन्याची साखळी: डाग द्यावा की लेझरने जोडावी, आणि जोड पक्का झाला हे कसे ओळखावे?

सातवी_कडी

नमस्कार. माझ्याकडे बावीस कॅरेटची, भरीव आणि लांबट गोल कड्यांची एक साखळी आहे. लांबी ५० सेंटीमीटर, वजन साधारण २४ ग्रॅम. गेल्या वर्षभरात ती दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा हुकापासून मोजल्यास सातव्याच कडीत तुटली. पहिल्यांदा एका कारागिराने ज्योतीवर डाग देऊन ती जोडून दिली. तो जोड सुमारे तीन महिने टिकला. दुसऱ्यांदा मी दुसरीकडे गेलो आणि लेझरने जोडून घेतली, कारण लेझरचा जोड मूळ धातूइतकाच मजबूत असतो असे मला सांगण्यात आले होते. तो जोड पाच आठवड्यांतच सुटला.

दोन्ही वेळा साखळी हातात आली तेव्हा जोड कुठे आहे हे शोधूनही सापडत नव्हते, इतके पॉलिश सुंदर होते. त्यामुळे माझे प्रश्न दोन आहेत. या साखळीसाठी दोहोंपैकी कोणती पद्धत योग्य? आणि दिसायला निर्दोष असलेला जोड आतून खरोखर पक्का आहे की नाही, हे साखळी ताब्यात घेतानाच तपासण्याचा काही मार्ग आहे का?

झगमग

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अगदी सरळ आहे, ते म्हणजे लेझर. डाग देताना दोन टोकांच्या मध्ये वेगळाच, लवकर वितळणारा आणि म्हणूनच कमकुवत धातू भरला जातो. शिवाय ज्योतीमुळे आजूबाजूच्या कड्या तापून मऊ पडतात. लेझरमध्ये सोने सोन्यातच वितळून एकजीव होते आणि उष्णता इतक्या लहान जागेत राहते की कारागीर दागिना बोटांत धरून काम करू शकतो. तुमचा लेझरचा जोड सुटला याचा अर्थ यंत्राची ताकद कमी ठेवली होती, एवढाच. ताकद वाढवून पुन्हा करून घ्या.

कानस

झगमग, उष्णतेबद्दलचे तुमचे म्हणणे खरे आहे, पण उरलेल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी बरीच वर्षे दुरुस्तीचेच काम करते आणि माझ्या टेबलावर ज्योत आणि लेझर दोन्ही आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी की, अशा साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी घडतानाच डाग देऊन बंद केलेली असते. सातवी_कडी यांच्या साखळीत शंभराहून अधिक कड्या असतील. त्यांपैकी शंभर जोड वर्षानुवर्षे टिकले आणि एकच पुन्हा पुन्हा सुटतो आहे. डाग मुळातच कमकुवत असता, तर साखळी कुठेही तुटायला हवी होती. कडीची दोन तोंडे एकमेकांना घट्ट भिडवलेली असतील, स्वच्छ असतील आणि सोल्डर त्या फटीतून पूर्ण ओढले गेले असेल, तर डाग तोंडाच्या संपूर्ण पृष्ठभागावर धरतो. लेझरच्या बाबतीत हेच गृहीत धरता येत नाही.

कारण लेझरचा ठिपका बाहेरून पडतो. सोने हा प्रकाश बहुतांशी परतवून लावते आणि जी उष्णता आत शिरते ती लगेच आजूबाजूला पसरवून टाकते. काही मिलिसेकंदांच्या एका पल्समध्ये जेवढे सोने वितळेल, तेवढ्याच खोलीपर्यंत जोड होतो. एक मिलिमीटर जाडीची तार नुसती भिडवून तिच्याभोवती ठिपके मारत गेले, की बाहेर एक सुबक कवच तयार होते आणि गाभ्यात दोन्ही तोंडे वेगळीच राहतात. ताकद वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण एका मर्यादेनंतर सोने खोलवर वितळण्याऐवजी उकळून उडते आणि जागी खड्डा पडतो. बरोबर पद्धत अशी की, दोन्ही तोंडे कानशीने निमुळती करायची, म्हणजे मध्यभागी ती एकमेकांना टेकतील आणि भोवताली खाच राहील. आधी तो मध्यभाग जोडायचा आणि मग त्याच कॅरेटची बारीक तार वितळवत, थरावर थर देत, खाच बाहेरपर्यंत भरत आणायची. याला वेळ लागतो, आणि घाईच्या दिवशी नेमके हेच टाळले जाते.

सातवी_कडी, तुम्ही अजून ती पुन्हा जोडायला दिली नसेल, तर तुटलेले टोक दहापट भिंगाखाली पाहून इथे वर्णन करू शकाल का? टोक कसे दिसते, यावरून बरेच काही कळते. झिजून तुटलेली कडी टोकाला पातळ आणि निमुळती झालेली असते. सोल्डर धरलेच नसेल, तर सपाट तोंड दिसते आणि त्यावर कधी कधी टाकणखाराचा काचेसारखा थर असतो. जोड ठिसूळ झाला असेल, तर तुटलेली जागा खरबरीत, दाणेदार दिसते.

तारजोड

हा विषय एवढा गुंतागुंतीचा का केला जात आहे, ते मला कळले नाही. मी छंद म्हणून सर्किट बोर्ड दुरुस्त करतो. घरातली एक बारीक साखळी तुटली, तेव्हा मी माझ्या नेहमीच्या सोल्डरिंग आयर्नने आणि कथलाच्या तारेने ती दहा मिनिटांत जोडली. जोड थोडा राखाडी दिसतो, पण दोन महिने झाले, सुटलेला नाही. सोन्यावर कथील तर तांब्यापेक्षाही चटकन पसरले.

कानस

तारजोड, तुम्ही म्हणता ते सोल्डरिंग आणि इथे चर्चेत असलेले सोल्डरिंग यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. सोनाराचे सोल्डर म्हणजे सोन्याचाच मिश्रधातू असतो आणि तो मूळ दागिन्यापेक्षा काहीसा लवकर वितळतो. तुमच्या तारेत कथील आहे, आणि ती जुन्या प्रकारची असेल तर शिसेही आहे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिसे ३२७ अंशांना, तर शुद्ध सोने १०६४ अंशांना.

कथील सोन्यावर चटकन पसरते, याचे कारण ते सोन्याला आपल्यात विरघळवून घेते. तिथे तयार होणारा मिश्रधातू ठिसूळ असतो. खरी अडचण पुढे येते. ही साखळी उद्या एखाद्या कारागिराने न पाहता ज्योतीखाली धरली, तर वितळलेले कथील आणि शिसे सोन्यात खोल शिरेल आणि कडीला खड्डे पडतील किंवा ती गळूनच पडेल. शिसे अत्यल्प प्रमाणात असले, तरी सोन्याला ठिसूळ करते. लेझरचीही यातून सुटका नाही, तिथे जोड थंड होतानाच तडकतो. तेव्हा दुरुस्तीला देताना कारागिराला आधी सांगा, म्हणजे तो तेवढी जागा कापून किंवा खरवडून टाकेल.

तारजोड

हे मला खरोखर माहीत नव्हते. सांगतो. मात्र जोड धरलेला आहे, तो आता मुद्दाम उघडावा असे काही मला वाटत नाही.

सातवी_कडी

कानस, तुमच्या सांगण्याप्रमाणे एका मित्राच्या भिंगाखाली टोक पाहिले. बाहेरची कड चमकदार असून फाटल्यासारखी दिसते. ही कड फार पातळ आहे, तारेच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढी असेल. आतला भाग मात्र फिकट, करडा आहे आणि त्यात स्पंजासारखी बारीक बारीक छिद्रे आहेत. टोक निमुळते नाही, पण कडीच्या त्या बाजूची तार उरलेल्या तारेपेक्षा बारीक वाटते.

कानस

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज असा आहे. पहिल्या कारागिराने डाग दिला आणि तो काही कारणाने सुटला. दुसऱ्याने तो जुना डाग काढून न टाकता त्याच्यावरूनच लेझर मारला. फिकट, करडा गाभा म्हणजे ते जुने सोल्डर असावे आणि चमकदार कड म्हणजे लेझरचे कवच.

सोल्डर लवकर वितळावे म्हणून त्यात जस्त घालतात, आणि जुन्या सोल्डरमध्ये कॅडमियमही सापडते. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते आणि जस्त ९०७ अंशांना. म्हणजे सोने वितळण्याच्या आधीच ही दोन्ही वाफ होऊन बाहेर पडू पाहतात. लेझरच्या पल्समध्ये वितळलेला धातू इतक्या झटकन गोठतो की त्या वाफेला निसटायला वेळच मिळत नाही. ती बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकते, आणि तुम्हाला दिसलेला स्पंज तो हाच. काम करताना हे कळते, कारण ठिणग्या उडतात आणि जागेभोवती काळी काजळी बसते. कॅडमियमची वाफ फुप्फुसांना विषारी आहे, त्यामुळे असा जोड निघाला की मी आधी कानस घेते, मग यंत्र. जुन्या डागावर लेझर हा माझ्या पाहण्यातला सर्वांत नेहमीचा दोष आहे आणि पॉलिश झाल्यावर तो बाहेरून अजिबात दिसत नाही.

पण यावरून पहिला डाग का सुटला, ते कळत नाही. तार त्या बाजूला बारीक वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. तो धागा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एक डिजिटल व्हर्नियर मिळवा आणि पहिल्या पंधरा कड्या मोजा. प्रत्येक कडीची तार दोन ठिकाणी मोजायची: लांब बाजूच्या मध्यावर, जिथे काहीच घासत नाही, आणि टोकाच्या वळणावर, जिथे शेजारची कडी आतून घासते. वळणावर मोजताना जबड्याचे रुंद पाते झिजेच्या खळग्यात उतरत नाही आणि माप जास्त येते, म्हणून पात्याचे अगदी पातळ टोक वापरा.

पाणपोई

मध्येच विचारते, क्षमस्व. माझी साखळी पिळाची आहे, दोरखंडासारखी, आणि आतून पोकळ आहे. तिला ज्योत लावणार नाही असे दोन जणांनी सांगितले आणि तिसरा लावायला तयार आहे. त्याच्यावर विश्वास ठेवावा का?

कानस

पोकळ असेल तर माझे मत लेझरच्या बाजूने आहे आणि इथे मला फारसा संशय नाही. पिळाच्या साखळीत प्रत्येक कडी अनेक शेजाऱ्यांना चिकटून असते. ज्योतीखाली सोल्डर केशाकर्षणाने त्या सगळ्या फटींत धावते आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा काठीसारखा ताठ होतो. तो ताठ तुकडा वाकला, की त्याच्या दोन्ही कडांना साखळी पुन्हा तुटते. पोकळ कडीची भिंत पातळ असल्यामुळे ती वितळून आत बसण्याची भीती वेगळीच. आणखी एक गोष्ट. डाग दिल्यावर काळेपणा काढण्यासाठी दागिना सौम्य आम्लात टाकतात. ते आम्ल पोकळ कडीत शिरले, तर पूर्ण निघत नाही आणि काही दिवसांनी जोडापाशी हिरवट खार येऊ लागतो.

तरीही लेझरने ती नव्यासारखी होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. झिजून भोक पडलेल्या पोकळ कडीत जोडायला धातूच उरलेला नसतो.

उजळणी

मीही याच व्यवसायात आहे, त्यामुळे एक सावधगिरी सुचवतो. ज्याला सरसकट लेझर म्हटले जाते ते प्रत्येक वेळी लेझर असतेच असे नाही. आर्गॉन वायूच्या झोतात बारीक टंगस्टनच्या टोकावरून विजेची ठिणगी पाडणारी छोटी यंत्रेही बऱ्याच ठिकाणी असतात आणि बोलताना त्यांनाही तेच नाव दिले जाते. ती वाईट नाहीत, मी स्वतः वापरतो. पण तिथे टोक जोडाच्या अगदी जवळ न्यावे लागते, त्यामुळे कडीच्या आतल्या बाजूला ते पोहोचत नाही. लेझरमध्ये निदान प्रकाश जाईल तिथे काम होते. कोणते यंत्र आहे, हे विचारायला हरकत नाही.

झगमग यांच्या बाजूनेही एक मुद्दा मांडतो. हुकापासून सातव्या कडीवर ज्योत लावली, तर त्याच्या स्प्रिंगवर उष्णता जाऊ शकते. स्प्रिंग पोलादाची असते आणि एकदा तापली की तिचा ताण जातो. मग जोड पक्का, पण हूकच उघडा राहतो. खडे किंवा मीना जवळ असेल, तर लेझरला पर्याय नाही.

कसवटी

मी शुद्धता तपासण्याच्या कामात आहे. डाग दिल्याने सोन्याचा कस उतरतो, अशी भीती ग्राहकांना नेहमी वाटते, म्हणून एक साधे गणित मांडते. २४ ग्रॅमच्या ९१६ शुद्धतेच्या साखळीत २१.९८४ ग्रॅम सोने असते. एका जोडाला २० मिलिग्रॅम सोल्डर लागले, जे खरे तर भरपूर झाले, आणि त्याची शुद्धता ७५० असली, तर नवे वजन २४.०२ ग्रॅम आणि त्यातले सोने २१.९९९ ग्रॅम होते. शुद्धता येते ९१५.९. म्हणजे एका जोडाने पूर्ण साखळीच्या कसात फरक पडत नाही.

मात्र क्ष-किरणांच्या यंत्राने नेमका जोडावरच ठिपका धरून तपासले, तर आकडा लक्षणीय खाली येतो आणि जस्त किंवा कॅडमियमही दिसते. तेवढ्यावरून साखळी खोटी ठरवू नये. उलट, जोडात काय भरले आहे हे कळायला ही तपासणी फार उपयोगी पडते. त्याच कॅरेटच्या तारेने लेझर केले असेल, तर जोडावरचा आणि बाजूचा आकडा जवळपास सारखा येतो. ठिसूळपणाचा संशय असेल तर यंत्रावर शिसे आणि कथील आहे का, हे मुद्दाम पाहायला सांगावे.

सातवी_कडी

मापे घेतली. लांब बाजूच्या मध्यावर सगळ्या कड्यांची तार १ मिलिमीटर भरते. टोकाच्या वळणावर पहिल्या चार कड्यांत आणि बाराव्या कडीपासून पुढे ०.८ ते ०.९ आहे. पाचवीपासून अकरावीपर्यंत मात्र ०.४ ते ०.५ इतकेच माप येते. सातवीचे वळण ०.४ आहे. आतून पाहिल्यावर तिथे अर्धचंद्रासारखा खळगा स्पष्ट दिसतो. हुकाजवळची झीज समजण्यासारखी आहे, पण पहिल्या चार कड्या सोडून पुढेच झीज का, ते कळत नाही.

कानस

पहिल्या चार कड्या कदाचित कधीतरी बदललेल्या असतील, त्यांचे जोड आणि रंग भिंगाखाली ताडून पाहा. काहीही असो, तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर या मापांत आहे.

गोल तार एका बाजूने झिजून तिची जाडी १ मिलिमीटरवरून ०.४ वर आली, तर जाडी चाळीस टक्के उरली असे आपण म्हणतो. पण छेदाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटरवरून सुमारे ०.२९ वर येते, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. तुमच्या दोन्ही कारागिरांनी या ३७ टक्क्यांच्या तोंडाला तोंड भिडवून जोड दिला. जोड कितीही उत्तम झाला असता, तरी तो साखळीतल्या सर्वांत बारीक जागी, नेमक्या घासल्या जाणाऱ्या आणि वाकणाऱ्या वळणावर आला असता. पहिला डाग सुटण्याचे कारण बहुधा हेच असावे. आणि समजा सातवी कडी अभेद्य झाली, तर पुढच्या वेळी आठवी तुटेल, आणि लोक म्हणतील जोड सुटला.

म्हणून माझा सल्ला पाचवी ते अकरावी या सातही कड्या काढून त्याच कॅरेटच्या, एक मिलिमीटर तारेच्या नव्या कड्या घालण्याचा आहे. जुनी वळणे लेझरने तार वितळवून भरून काढता येतात, आणि जिथे कडीचा घाट पुन्हा मिळणे अशक्य असते तिथे मी तेही करते. पण साध्या लांबट कडीसाठी ते श्रम व्यर्थ आहेत. नव्या कडीचा जोड वळणावर न ठेवता लांब बाजूच्या मध्यावर ठेवायला सांगा, म्हणजे तो घर्षणापासून दूर राहतो आणि तपासायलाही समोर येतो.

सातपैकी तीन कड्या, म्हणजे दुसरी, चौथी आणि सहावी, साखळीपासून वेगळ्या ज्योतीवर बंद करता येतील. उरलेल्या चार त्यांना आणि जुन्या साखळीला गुंतवून मग जोडाव्या लागतील. त्या चार लेझरने करायच्या की डाग देऊन, हे कारागिराच्या हातावर सोडा. डाग दिला, तर सोल्डर शेजारच्या जुन्या जोडांपेक्षा लवकर वितळणारे हवे, नाहीतर एक कडी बंद करताना दुसरी उघडते.

झगमग

मापांपुढे माझे काही चालत नाही, सात कड्या बदलणेच योग्य दिसते. पण पक्केपणा तपासण्याचा सोपा मार्ग कोणीच सांगितला नाही. साखळी खिळ्याला अडकवून खाली पाच किलो वजन टांगावे. टिकली तर जोड पक्का.

कानस

असे कृपा करून करू नका. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते. एवढ्या ओढीने चांगल्या कड्याही लांबट होतील आणि अर्ध्या झिजलेल्या कड्या आणखी बारीक होतील. शिवाय आतून अर्धवट असलेला जोडही सरळ ओढ एकदा सहज सहन करतो, आणि पुढे रोजच्या वाकण्या-पिळण्यात थकून तुटतो. म्हणजे ही चाचणी चांगल्या साखळीला बिघडवते आणि वाईट जोडाला पास करते.

मी ग्राहकाला असे तपासायला सांगते. सर्वांत आधी साखळी अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन आणि पूर्ण सुकवून मागायची. पॉलिशची पेस्ट छिद्रांत आणि बारीक रेषांत भरून बसते आणि त्यांना झाकते. धुतल्यावर ती निघून जाते, म्हणून धुण्याआधी केलेल्या पाहणीला काही अर्थ नाही. मग दहापट भिंगाखाली जोड चारही बाजूंनी पाहायचा. बाहेरची बाजू सगळेच नीट करतात. खरी परीक्षा कडीच्या आतल्या बाजूची, कारण तिथे कानस, पॉलिश आणि लेझर तिन्ही अवघड जाते. कडी उजेडासमोर धरून हळूहळू फिरवली, की न भरलेली फट एखाद्या काळ्या केसासारखी दिसते. शंका वाटली तर बारीक सुईचे टोक त्या जागेवरून अलगद आडवे फिरवायचे. फट असेल तर ते अडकते, नुसता रंगातला फरक असेल तर सरकून जाते. डागाच्या जोडावर किंचित फिकट रेषा दिसणे हा दोष नाही, तिच्यात ठिपक्यांसारखी छिद्रे दिसणे हा दोष आहे. जोडाच्या जागी तार शेजारपेक्षा बारीक झालेली नसावी, हेही व्हर्नियरने पाहून घ्यायचे, कारण जादा कानस मारून जोड लपवण्याचा मोह कारागिराला होतो.

त्यानंतर साखळी बोटावर टाकून सरकवायची. प्रत्येक कडी आपल्या वजनाने वळली पाहिजे. एखादी ताठ राहिली, तर सोल्डर शेजारी वाहून दोन कड्या चिकटल्या आहेत.

उजळणी

इथे माझे थोडे वेगळे मत आहे. पाच किलो टांगणे चूकच, पण ओढ अजिबात लावू नये हे मला पटत नाही. मी प्रत्येक नव्या कडीच्या दोन्ही बाजूंच्या कड्या गुळगुळीत जबड्यांच्या पकडीत धरून हलका झटका देतो आणि किंचित पिळतो. नुसत्या कवचावर धरलेला जोड असेल तर तो तिथेच माझ्या टेबलावर उघडतो, आणि माझ्या मते तो ग्राहकाकडे जाऊन उघडण्यापेक्षा हे बरे. भिंगाला गाभा दिसत नाही, कानस यांची सुईसुद्धा तिथे पोहोचत नाही.

कानस

गाभा दिसत नाही, हे मान्य आहे. माझी अडचण एवढीच की हलका म्हणजे किती, हे हाताला कळते आणि लिहून सांगता येत नाही. तुम्ही करा, मी ग्राहकाला करायला सांगणार नाही. गाभ्यासाठी माझा भरवसा वेगळ्या गोष्टीवर आहे. त्याच तारेचा एक तुकडा त्याच पद्धतीने जोडायला लावायचा आणि तो जोड वाकवून तोडून आतला छेद पाहायचा. नव्या कड्यांचे काम असेल, तर अशी एक जादा कडी करून तोडायला फारसा वेळ लागत नाही.

सातवी_कडी

काम झाले, म्हणून लिहितो. सात नव्या कड्या घातल्या. तीन डाग देऊन आधी बंद केल्या आणि चार लेझरने जागेवर जोडल्या. कारागिराने आठवी कडी जादा करून माझ्यासमोर तोडली आणि तिचा छेद पूर्ण भरलेला, एकरंगी होता. वजन पाव ग्रॅमहून किंचित अधिक वाढले, आणि जाड कड्यांच्या हिशेबाने ते बरोबर वाटते.

साखळी धुऊन घेतल्यावर मी आणि मित्राने भिंगाखाली पाहिली. लेझरच्या चारपैकी एका कडीत, आतल्या बाजूला, कानस यांनी वर्णन केली तशी केसासारखी रेषा होती. सुई अडकली. कारागिराने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते मान्य केले आणि कडी फिरवून ती बाजू खाच करून पुन्हा भरली. पॉलिश केलेल्या अवस्थेत ती रेषा मला दिसली नव्हती. पहिल्या चार कड्यांचे जोडही पाहिले. त्यांचा रंग किंचित वेगळा आहे, म्हणजे त्या बदललेल्या असाव्यात, जरी घरात कोणालाच ते आठवत नाही.

आता एक शंका उरली आहे. नव्या कड्यांची वळणे पूर्ण जाडीची आहेत आणि त्या बाराव्या जुन्या कडीवर घासणार. त्यामुळे ती जुनी कडी लवकर झिजेल का?

उजळणी

माझ्या अनुभवात नव्या-जुन्याच्या सीमेवर झीज थोडी वेगाने होते. तार नुकतीच ओढलेली असेल आणि नंतर तापवलेली नसेल, तर ती कडक असते आणि मऊ जुनीला खाते. तुमच्या लेझरने जोडलेल्या चार कड्या बहुधा अशाच कडक राहिल्या असतील.

कानस

मला असा फरक कधी मोजण्याइतका आढळलेला नाही. दोन कड्यांमध्ये अडकलेली धूळच त्यापेक्षा जास्त कापते, असे माझे मत आहे. सातवी_कडी, बाराव्या कडीचे आजचे माप लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मोजून इथे टाका.

सातवी_कडी

बाराव्या कडीचे वळण आज ०.८२ मिलिमीटर, नव्या सातव्या कडीचे १.००. नोंद करून ठेवली आहे.